संहिता आखूड झाल्याचे पत्र

माहितीपट, प्रशिक्षणपट किंवा जाहिरातपट लिहिणारा फ्रीलान्स संहितालेखक पहिला मसुदा क्लायंटला देतो, त्यावर चर्चा होते आणि मग पुनर्लेखन होते. हे पुनर्लेखन बहुतेक वेळा आधीच्या मसुद्यापेक्षा लहान असते, कित्येकदा निम्म्याहून लहान. क्लायंटच्या हाती चार पानांच्या जागी दोन पाने येतात आणि काम कमी झाले, आपला मजकूर गाळला गेला, असे त्याला वाटते. म्हणून नव्या मसुद्यासोबत एक पत्र जाते. संहिता का आखडली हे सांगणे आणि तिला लेखी मंजुरी मागणे, ही त्या पत्राची दोन कामे. पहिले काम नीट झाले तरच दुसरे होते.

कथापटाच्या पटकथेत एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. माहितीपटाच्या संहितेला तो लागू पडत नाही. ही संहिता दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे काय दिसणार आणि उजवीकडे काय ऐकू येणार. पाने किती भरली यावरून तिची लांबी कळत नाही. ती ठरते उजव्या रकान्यातल्या शब्दांवर आणि ते शब्द बोलायला लागणाऱ्या वेळावर. समजेल अशा संथ लयीत मराठी निवेदन वाचले, तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. इंग्रजी निवेदनासाठी १४० ते १५० शब्दांचा हिशेब सांगितला जातो. तो मराठीला लावला, की संहिता हमखास लांबते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. त्यामुळे ‘संकलनकेंद्रापर्यंतच्या’ हा मोजणीत एक शब्द असला, तरी तोंडाला तो तीन-चार शब्दांइतका पडतो.

संगणकाने दाखवलेल्या शब्दसंख्येत आणखी एक फसगत असते. ‘१,२५,०००’ हा आकडा संगणकाच्या लेखी एकच शब्द, पण निवेदक वाचतो ‘एक लाख पंचवीस हजार’. वार्षिक अहवालातून उचललेल्या मजकुरात असे आकडे ओळीओळीला असतात आणि संहिता कागदावर बेतशीर दिसूनही स्टुडिओत लांबते. म्हणून अनुभवी लेखक निवेदनातले आकडे अक्षरांत लिहितात. शब्द मोजून झाले तरी शेवटी घड्याळ लावून पूर्ण मसुदा मोठ्याने वाचतात. मनातल्या मनात वाचणे यासाठी निरुपयोगी आहे, कारण डोळे जिभेपेक्षा कितीतरी वेगाने धावतात.

एक उदाहरण तपशिलाने घेतले, की पत्रात काय असावे ते स्पष्ट होते. एका सहकारी दूध संघाला ‘स्वच्छ दूध’ या विषयावर चार मिनिटांची फिल्म हवी आहे, असे समजू. गावोगावच्या संकलन केंद्रांवर लोक दूध घालायला येतात, तेव्हा रांगेत उभे असताना ती टीव्हीवर दाखवायची आहे आणि मोबाइलवरही पाठवायची आहे. पहिल्या चर्चेत व्यवस्थापकांनी वार्षिक अहवाल, पशुवैद्यकांचे टिपण आणि जुने पत्रक लेखिकेला दिले. संघाची माणसे सांगतील ते सर्व आले पाहिजे, या हेतूने पहिला मसुदा तयार झाला. त्यात निवेदनाचे ६१० शब्द होते. मिनिटाला ११० शब्दांच्या लयीत नुसते वाचायलाच साडेपाच मिनिटे लागतात.

चार मिनिटांच्या फिल्ममध्ये निवेदनाला चार मिनिटे मिळतात, हीच मुळात चुकीची समजूत आहे. सुरुवातीची आणि शेवटची पाटी मिळून वीस सेकंद जातात. गोठा सांभाळणारी एक शेतकरी बाई स्वतःच्या तोंडाने तीस सेकंद बोलणार आहे. धार काढण्याची योग्य रीत दाखवताना चाळीस सेकंद निवेदन थांबले पाहिजे, कारण तिथे पाहणाऱ्याचे लक्ष बोटांकडे हवे आणि भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाजही ऐकू यायला हवा. हे दीड मिनिट वजा केले, की निवेदनासाठी अडीच मिनिटे उरतात. ११० शब्दांच्या लयीने ती जागा २७५ शब्दांची. दुसरा मसुदा २७० शब्दांचा झाला तो या वजाबाकीतून.

एवढे शब्द कोणत्या वाक्यांतून कमी झाले, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या मसुद्यातले एक वाक्य असे होते : ‘गोठ्यात प्रवेश केल्यानंतर दूध काढणाऱ्या व्यक्तीने सर्वप्रथम आपले दोन्ही हात साबण व स्वच्छ पाण्याने व्यवस्थितपणे धुऊन घेणे अत्यंत आवश्यक असून, त्यानंतर गाईची कास कोमट पाण्याने स्वच्छ करून ती कोरड्या व स्वच्छ कापडाने काळजीपूर्वक पुसून घ्यावी.’ हे पस्तीस शब्द बोलायला एकोणीस सेकंद लागतात. साबण, पाणी, हात, कास आणि कापड ही सगळी त्याच वेळी पडद्यावर दिसत असतात. दुसऱ्या मसुद्यात त्याजागी आले : ‘हात आधी. मग कास. धुतल्यावर कोरडी पुसायची, प्रत्येक गाईला वेगळं फडकं.’ हे अकरा शब्द सहा सेकंदांत संपतात. शिवाय वेगळ्या फडक्याची गोष्ट आधीच्या वाक्यात नव्हतीच. एकच फडके सगळ्या कासांवरून फिरवले, तर एका गाईचा कासदाह दुसरीला लागू शकतो. एका गाईचे चित्रण पाहून ही गोष्ट कळत नाही, म्हणून ती बोलून सांगावी लागते. लहान झालेल्या मसुद्यात भर पडली, ती अशा ठिकाणी.

याउलट काही वाक्ये कितीही ओढाताण झाली तरी कापायची नसतात. धार काढून झाली तरी सडाचे तोंड लगेच मिटत नाही. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली, तर जंतू आत शिरतात. म्हणून तिला अर्धा तास बसू द्यायचे नाही आणि त्यासाठी पुढ्यात वैरण टाकायची. पडद्यावर दिसते ती फक्त उभी राहून वैरण खाणारी गाय. ती का उभी आहे, हे शब्दांशिवाय समजणार नाही. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिलेल्या गाईचे दूध पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस भरेपर्यंत केंद्रावर घालायचे नाही, ही सूचनाही अशीच. औषधाचा अंश दुधात दिसत नाही, उकळून तो जाईल याचा भरवसा नसतो आणि एका गाईचे असे दूध सामाईक टाकीत मिसळले, तर सबंध टाकी बिघडते. दुसऱ्या मसुद्यात ही सूचना मुद्दाम दोनदा ठेवली आहे, एकदा निवेदनात आणि एकदा शेवटच्या पाटीवर. शब्द वाचवण्याचा सारा खटाटोप अशा वाक्यांना जागा मिळावी म्हणून असतो.

आता पत्र. संघाच्या कचेरीत ते व्यवस्थापक वाचतील, बहुधा पशुवैद्यकांना आणि अध्यक्षांनाही दाखवतील. संहितेच्या चर्चेला जे बसले नव्हते त्यांनाही ते एका वाचनात समजायला हवे. ते साधारण असे लिहिता येईल.

‘विषय : स्वच्छ दूध माहितीपट, संहितेचा दुसरा मसुदा मंजुरीसाठी.

माननीय व्यवस्थापक,

सप्रेम नमस्कार. आपल्या चार मिनिटांच्या माहितीपटाच्या संहितेचा दुसरा मसुदा सोबत जोडला आहे. पहिल्या मसुद्यात निवेदनाचे ६१० शब्द होते, यात २७० आहेत. फिल्मची लांबी ठरल्याप्रमाणे चार मिनिटेच आहे.

पहिला मसुदा घड्याळ लावून वाचला, तेव्हा निवेदनालाच साडेपाच मिनिटे लागली. पाट्या, शेतकरी ताईंचे बोलणे आणि धार काढण्याचे प्रात्यक्षिक यांची वेळ सोडली, तर निवेदनासाठी अडीच मिनिटे मिळतात. दुसरा मसुदा त्या वेळेत बसतो.

कमी झालेला मजकूर कुठे गेला, तेही कळवते. संघाची स्थापना, वाटचाल आणि पुरस्कार हे सुमारे ९५ शब्द निवेदनातून काढले आहेत. स्थापनेचे वर्ष आणि बोधचिन्ह शेवटच्या पाटीवर येईल, बाकीचा मजकूर फिल्मसोबत वाटायच्या पत्रकात घेता येईल. जे पडद्यावर दिसणारच आहे त्याचे वर्णन करणारे १२० शब्द दृश्यांच्या रकान्यात चित्रीकरणाच्या सूचना म्हणून गेले आहेत. कासदाहाच्या चाचणीमागचे रसायनशास्त्र आणि टक्केवारी हे ७० शब्द पत्रकासाठी राखून ठेवले आहेत. उरलेले ५५ शब्द दोनदा आलेल्या वाक्यांचे होते. ती वाक्ये आता एकेकदाच आहेत.

वाक्य क्र. १४ (धार काढल्यावर अर्धा तास गाय उभी ठेवणे) आणि वाक्य क्र. १९ (औषध दिलेल्या गाईचे दूध न घालणे) यांचा आशय आपल्या पशुवैद्यकांच्या टिपणातून जसाच्या तसा घेतला आहे. वाक्य क्र. ६ (प्रत्येक गाईला वेगळे फडके) नवीन आहे. ही तीन वाक्ये पशुवैद्यकांनी एकदा पाहावीत, अशी विनंती आहे.

निवेदनाचे रेकॉर्डिंग शुक्रवारी ठरले आहे. मसुदा मान्य असल्यास बुधवारी संध्याकाळपर्यंत या ईमेलला “दुसरा मसुदा मंजूर” असे उत्तर द्यावे. बदल हवा असल्यास वाक्याचा क्रमांक लिहून कळवावे, गुरुवारी दुपारपर्यंत तो करून देता येईल. मानधन फिल्मच्या लांबीवर ठरले असल्याने त्यात फरक पडत नाही.

कळावे, लोभ असावा.
संहितालेखिका’

या पत्रात शब्द घटल्याची बातमी पहिल्याच परिच्छेदात आहे आणि तिला लागूनच फिल्मची लांबी तीच असल्याचे सांगितले आहे. क्लायंटने पैसे मोजले ते चार मिनिटांच्या फिल्मसाठी, शब्दांसाठी नव्हेत. ही गोष्ट त्याला माहीत असते, पण पातळ झालेला कागद पाहून ती विसरायला होते. ‘संहिता अधिक परिणामकारक केली’, ‘मजकूर सुटसुटीत केला’ अशी वाक्ये इथे काहीच सांगत नाहीत. ती क्लायंटला तपासता येत नाहीत आणि त्याचा मूळ मजकूर बोजड होता, असा अर्थ त्यातून निघतो. साडेपाच मिनिटे आणि अडीच मिनिटे हे अंतर कोणालाही स्वतः वाचून ताडून पाहता येते आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

पत्राचा कणा मात्र तिसरा परिच्छेद आहे. संहिता आखडली, की क्लायंटच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आपण दिलेल्या माहितीचे काय झाले याचा. दूध संघाच्या बाबतीत स्थापना आणि पुरस्कार हा मजकूर कदाचित अध्यक्षांनीच आग्रहाने घालायला सांगितलेला असतो. तो अनावश्यक ठरवून काढला, असे लिहिले तर मंजुरी तिथेच अडते, आणि ते खरेही नसते. तो मजकूर संघाला हवाच आहे, फक्त रांगेत किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो त्या क्षणी ऐकायचा नाही. म्हणून निघालेल्या प्रत्येक भागाला पत्रात ठिकाण दिले पाहिजे : पाटी, दृश्यांचा रकाना किंवा पत्रक. ९५, १२०, ७० आणि ५५ यांची बेरीज ३४० होते, म्हणजे दोन मसुद्यांतला फरक. हिशेब असा पुरा जुळला, की चर्चा किती कापले यावरून सरकते आणि कोणता भाग कुठे ठेवायचा यावर येते. तो निर्णय क्लायंटच घेऊ शकतो आणि त्यानेच घ्यावा.

वाक्यांना क्रमांक देणे ही दिसायला किरकोळ सोय, पण नसली तर पस्तावायची पाळी येते. क्रमांक नसले, की सूचना येतात त्या ‘मधला भाग जरा वाढवा’, ‘शेवट अजून चांगला हवा’ अशा स्वरूपात. क्रमांक असले, की ‘क्र. ११ मध्ये संघाचे नाव घ्या’ अशी नेमकी सूचना येते. तिला लागणारे सेकंदही लगेच सांगता येतात. मंजूर वेळेत पाच शब्द वाढवायचे असतील, तर दुसरीकडचे कोणते पाच जातील तेही त्याच उत्तरात विचारता येते.

हे पत्र बिघडते ते सहसा मंजुरी मागण्याच्या जागी. ‘आपला अभिप्राय कळवावा’ असे लिहिले, की अभिप्रायच येतो, मंजुरी येत नाही. चर्चेला तोंड फुटते आणि रेकॉर्डिंगचा दिवस उजाडतो. काय मंजूर करायचे, कोणत्या दिवसापर्यंत आणि कोणत्या शब्दांत, हे तिन्ही पत्रात हवे. उत्तर आले नाही तर मसुदा मान्य आहे असे समजू, अशी ओळ काही जण घालतात. ती धोक्याची आहे. गप्प राहिलेला क्लायंट फिल्म पूर्ण झाल्यावर बोलतो आणि तेव्हा त्या ओळीचा काही उपयोग होत नाही. तारीख जवळ आली आणि उत्तर नसले, तर फोन करावा आणि फोनवर जे ठरले ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवावे.

व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा आला, तर तो कोणत्या मसुद्याला आला हे दोन आठवड्यांनी सांगता येत नाही. ईमेलवर फाइल त्याच साखळीत जोडलेली असते, म्हणून मंजुरी तिथे घेतलेली बरी. फाइलच्या नावात मसुद्याचा क्रमांक आणि तारीख असावी. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निकामी ठरत नाही, तेव्हा ईमेलवरची मंजुरी कच्ची समजण्याचे कारण नाही. कॉपीराइटची गोष्ट वेगळी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. संहिता मंजूर झाली म्हणून तिचे हक्क आपोआप क्लायंटकडे जातात, असे या पत्रात सुचवू नये. ते मूळ करारात लिहिलेले असावे.

मंजुरी देणारी व्यक्ती कोण, हे काम सुरू होतानाच ठरायला हवे. सहकारी संस्थेत व्यवस्थापक पत्र घेतात, पण शब्द मात्र अध्यक्षांचा चालतो आणि तांत्रिक बाब पशुवैद्यकांची असते. तिघांनी तीन वेगवेगळी उत्तरे पाठवली, तर लेखिकेने त्यांतले एक निवडणे योग्य नाही. तिन्ही उत्तरे व्यवस्थापकांकडे परत पाठवून एकत्रित उत्तर मागावे लागते. पत्रात पशुवैद्यकांकडे तीनच वाक्ये पाठवली आहेत, त्यामागे हाही विचार आहे. अख्खी संहिता तपासायला दिली, तर तज्ज्ञ भाषाही दुरुस्त करतात आणि ‘सड’ जाऊन ‘स्तनाग्र’ येते. गोठ्यात राबणाऱ्या माणसाला त्यातला पहिला शब्द कळतो, म्हणून निवेदनात तोच राहिला पाहिजे.

आखडण्यालाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्याचे ओळखता येते. दृश्यांचा रकाना झाकून एखाद्याला फक्त निवेदन वाचून दाखवावे. त्याला काही ठिकाणी संदर्भ लागणार नाही, ते ठीकच. मग निवेदन झाकून फक्त दृश्ये सांगावीत. दोन्हींतून एखादी महत्त्वाची सूचना निसटत असेल, तर तिथे कात्री जास्त चालली आहे. ज्यांची रोजची भाषा प्रमाण मराठी नाही, अशा प्रेक्षकांसाठी लय आणखी संथ ठेवावी लागते. तिथे मिनिटाला शंभर शब्दही जास्त होतात. आणि फिल्म ज्या संकलन केंद्रांवर दाखवायची तिथे मोटारींचा, किटल्यांचा गोंगाट असेल, तर निवेदन ऐकूच येणार नाही असे धरून मुख्य सूचना पडद्यावर अक्षरांतही दाखवाव्या लागतात. त्या अक्षरांना वाचायला वेळ लागतो आणि तो वेळ निवेदनाच्या वाट्यातूनच जातो.

बुधवारी ‘दुसरा मसुदा मंजूर’ असे उत्तर आले, की त्या फाइलवर संहिता लॉक होते. तीच प्रत दिग्दर्शकाला, निवेदकाला आणि संकलकाला जाते, पहिला मसुदा सगळ्यांच्या फोल्डरमधून बाजूला काढला जातो. यापुढे एखादे वाक्य बदलायचे झाले, तर स्टुडिओ पुन्हा घ्यावा लागतो. निवेदकाचा आवाज दुसऱ्या दिवशी तसाच लागत नाही, जोडलेले वाक्य वेगळे ऐकू येते आणि त्याचा खर्च ठरलेल्या मानधनात धरलेला नसतो. म्हणून लॉक झाल्यानंतरच्या बदलाला किती वेळ आणि किती पैसे लागतील, हे काम सुरू होतानाच्या करारात लिहून ठेवतात आणि मंजुरीचे उत्तर मिळाल्याची पोच देताना त्या कलमाची एका ओळीत आठवण करून देतात.